वॉर्डातल्या कुत्र्याचे नाव

रुग्णालयात रुग्णांना भेटायला नेल्या जाणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याला थेरपी डॉग म्हणतात. तो बहुधा कुणाचा तरी घरचाच कुत्रा असतो. स्वभावाची आणि आरोग्याची तपासणी झालेली असते आणि पट्टा धरणारा माणूस, म्हणजे हँडलर, कायम सोबत असतो. भेटीची सुरुवात जवळपास सगळीकडे सारखीच होते. हँडलर खाटेपासून थोड्या अंतरावर थांबतो, कुत्रा आलेला चालेल का असे विचारतो, त्याचे नाव सांगतो आणि म्हणतो, "हाक मारून बघता का?" अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाचा त्या सकाळचा पहिला शब्द कधी कधी हाच असतो. म्हणून हे नाव निवडताना मालकाची हौस मागे राहते आणि वॉर्डात ज्याला बोलणे सर्वांत जड जाते त्याचे तोंड पुढे येते.

या कामाच्या इतिहासातली नावे अशा विचाराने ठेवलेली नव्हती. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या कुत्र्याचे नाव होते जिंगल्स. अबोल मुले त्याच्या सहवासात बोलती होतात हे पाहून लेव्हिन्सन यांनी 1962 मध्ये कुत्र्याच्या सह-उपचारक भूमिकेवर लेख लिहिला आणि या विषयाला शास्त्रात जागा मिळवून दिली. त्याआधी व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांची चाऊ जातीची योफी रुग्णांच्या बैठकींना हजर असे. फ्रॉइड यांच्यावर 1923 पासून तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होत गेल्या. टाळूच्या जागी कृत्रिम भाग बसवावा लागला आणि बोलणे कष्टाचे झाले. 'फ' उच्चारायला वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकावे लागतात. अशा मालकाला योफी हे नाव कितपत सोयीचे वाटले असेल, असा प्रश्न पडतोच.

मराठी रुग्णालयापुरता विचार केला तर सुरुवात शाळेतल्या व्याकरणातून करता येते. व्यंजनांचे ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य असे वर्ग सगळ्यांनी पाठ केलेले असतात. आजारपणात हेच वर्ग एकेक करून ढासळतात. शस्त्रक्रियेआधी कवळी काढून ठेवली की त, द आणि स बोथट होतात आणि फ नुसता फुसकारा होतो. दम लागणाऱ्या, ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला ख, घ, भ, ध यांसारखे महाप्राण वर्ण महागात पडतात, कारण त्यांना श्वासाचा जादा झोत लागतो. जिभेची एक बाजू लुळी पडली की र कापत नाही, आणि ट, ड, ण, ळ यांच्यासाठी जीभ मागे वळवणे अवघड जाते. जोडाक्षर सगळ्यांनाच जड, कारण दोन हालचालींमध्ये स्वराची उसंत मिळत नाही.

मग उरतात म, ब, प हे ओठांचे वर्ण आणि ल, न हे जिभेच्या टोकाचे सौम्य वर्ण. ओठांचे वर्ण दिसतातही. घशाला छिद्र पाडून श्वासनळी बसवलेल्या रुग्णाचा आवाज बहुधा निघत नाही, पण त्याने ओठ मिटून उघडले की हँडलरला हाक कळते. ऐकण्याची बाजूही याच वर्णांना अनुकूल आहे. उतारवयात कान आधी उंच पट्टीच्या ध्वनींना मुकतो, म्हणजे स, श, फ, च यांना. मास्क लावलेला माणूस बोलतो तेव्हा हेच ध्वनी आणखी दबतात आणि ओठही झाकले जातात. जे नाव नीट ऐकूच आले नाही ते रुग्ण परत म्हणणार कसे?

तरीही ओठांचे वर्ण म्हणजे हमखास उत्तर नव्हे. चेहऱ्याच्या लकव्यात ओठच मिटत नाहीत. असा रुग्ण 'बाबा' म्हणायला गेला तर 'वावा' किंवा नुसते 'आआ' ऐकू येते, आणि त्याला ल किंवा न जास्त जमतात. यातून एक वाट निघते. दोन अक्षरी नावात एक वर्ण ओठांचा आणि एक जिभेचा ठेवला, तर पहिला हरवला तरी दुसऱ्यावरून नाव ओळखता येते. मध्ये आ किंवा ओ असा मोकळा स्वर असला की जबडा आपोआप उघडतो आणि आवाजाला जागा मिळते. अशी दोन अक्षरी, जोडाक्षराविना, स्वरान्त नावे या कामासाठी सर्वांत सोयीची.

इथे मराठीची एक खास अडचण येते. तोंडाला सर्वांत कमी कष्ट पडतात ते एकच अक्षर दोनदा म्हणताना, आणि नेमके हेच शब्द नातेवाइकांनी अडवलेले आहेत. बाबा, मामा, काका, दादा, नाना, लाला ही सगळी घरातली माणसे. आबा, ताई, माई, बाई, अण्णा यांचीही तीच गत. कुत्र्याला यांपैकी कुठलेही नाव देणे म्हणजे वॉर्डातल्या निम्म्या लोकांचा अपमान. शिवाय त्यात वैद्यकीय घोळही आहे. पक्षाघातानंतर शब्द न सापडणाऱ्या माणसाच्या तोंडून 'मामा' निघाले, तर ती हाक कुत्र्याला होती, भेटीला आलेल्या मामांना होती की तोंडाला सुचेल तो ध्वनी होता, हे वाचोपचारतज्ज्ञाला कळायला हवे. तेव्हा मराठी कुत्र्याला नात्यांनी सोडलेल्या जागेतच नाव शोधावे लागते.

दुसरी गोष्ट संबोधनाची. मराठी माणूस नाव आहे तसे क्वचितच हाकारतो. मनीची मने होते, चिमीची चिमे, बंडूचा बंड्या, काळूचा काळ्या. कुत्र्यांच्या बाबतीत तर या -या प्रत्ययाचे राज्यच आहे: टिप्या, लाल्या, वाघ्या. म्हणजे मालकाने सोपे नाव निवडले तरी दुसऱ्या भेटीपर्यंत प्रेमाने त्यात जोडाक्षर घुसलेले असते. आकारान्त आणि ओकारान्त नावे यातून बरीचशी सुटतात, ईकारान्त आणि ऊकारान्त सुटत नाहीत. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात हिंदी, गुजराती, कन्नड बोलणारे रुग्णही असतात. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी ळ चा बहुधा ल होतो, तेव्हा ळ टाळलेला बरा. देवादिकांची आणि संतांची नावे कुठल्याच धर्माची नकोत, हे वेगळे सांगायला नको.

शांत वाटणे ही बाब तुलनेने मोघम असली तरी तिला थोडा आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी 1929 मध्ये दोन आकृत्यांचा प्रयोग मांडला. एक आकृती गोलसर, दुसरी टोकेरी. त्यांची नावे कुठली असावीत, असे विचारले की बहुतेक लोक म, ल, ब असलेला निरर्थक शब्द गोलसर आकृतीला देतात आणि ट, क असलेला टोकेरी आकृतीला. 2001 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी हा प्रयोग 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी पुन्हा चर्चेत आणला. मराठी कानालाही हा फरक ओळखीचा आहे: एकीकडे मऊ, लोणी, लोळणे, दुसरीकडे काटा, टोक, खटका. यावरून रुग्णाचा रक्तदाब उतरतो असे कुणी म्हणू नये. पण भेदरलेल्या माणसाला 'टायगर येतोय' हे ऐकवण्यापेक्षा दुसरे काहीही बरे, एवढे तरी खरे. शेरू, वाघ्या, डाकू, रॉकेट ही नावे अंगणात शोभतात.

शांतपणाला कुत्र्याचीही बाजू आहे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या हँडलरांचे इशारे ध्वनिमुद्रित केले. आखूड, तुटक, पुन्हा पुन्हा केलेले आवाज जनावराला हालचालीस प्रवृत्त करतात आणि लांबवलेला एकच आवाज त्याला संथ करतो, हे त्यांना बहुतेक ठिकाणी दिसले. घोड्याला पळवताना आणि थांबवताना निघणारे आवाज आठवले की हे पटते. स्वरान्त नाव लांबवता येते. 'मॅक्स' हे नाव लांबवायचे म्हटले तर लांबवणार काय? मात्र कुत्र्याला एकाच गोष्टीचा घोटाळा होतो: नाव आणि हुकूम सारखे वाटले तर. आपल्याकडे हुकूम बहुधा इंग्रजीत असतात, म्हणजे सिट, स्टे, डाउन, कम, नो. त्यामुळे 'नोनो' नावाचा कुत्रा दिवसभर स्वतःला रागावून घेत राहील.

रुग्णालयाची स्वतःची भाषाही आडवी येते. आयव्ही हे पाश्चात्य कुत्र्यांचे आवडते नाव, पण वॉर्डात आयव्ही म्हणजे शिरेतून दिलेले औषध. 'ब्लू' हे नाव गोड आहे, पण हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी ध्वनिक्षेपकावर जी हाक जाते ती 'कोड ब्लू'. 'लकी' हे नाव कर्करोगाच्या वॉर्डात कसे ऐकू येईल ते खाटेवरच्या माणसाला विचारावे. सोनू, राजू, पिंकी या नावांची माणसे तर प्रत्येक मजल्यावर सापडतात.

आता हे सगळे एका नमुन्यावर लावून पाहता येईल. समजा, पुण्यातली तीन वर्षांची फिकट तपकिरी लॅब्रॅडोर मादी आहे, घरचे नाव रॉक्सी. तिला अर्धांगवायूच्या रुग्णांच्या पुनर्वसन वॉर्डात न्यायचे आहे. रॉक्सी हे नाव इथे चालत नाही: सुरुवातीला र, मध्ये क्स, शेवटी पुन्हा दातांचे काम. रुग्णांकडून 'लोकी', 'ओशी', 'रोती' असे काहीही निघेल आणि त्यातले बरेच ओळखू येणार नाही. घरच्यांनी सुचवलेली पर्यायी नावे अशी: साखर, सोनू, बेला, लाडू, मोती.

साखर अर्थाने गोड आहे, पण स, महाप्राण ख आणि र अशी तिन्ही अक्षरे अवघड. त्यात रोज सकाळी वॉर्डात "साखर किती आली?" हा प्रश्न चाललेलाच असतो. "साखर वाढली" म्हटल्यावर नर्सने इन्सुलिन काढायचे की कुत्रीचे वजन बघायचे? सोनू रंगाला शोभते, परंतु स आहेच, आणि हाक मारली की भेटीला आलेले दोन सोनू वळून बघतील.

कागदावर सर्वांत चांगले नाव बेला. ओठांचा एक वर्ण, जिभेचा एक, जोडाक्षर नाही, संबोधनात बदल नाही, हिंदी भाषकालाही ओळखीचे. पण नाव निवडताना ते मोडून पाहावे लागते आणि इथे ते वाईट मोडते. पक्षाघातात मऊ टाळू नीट उचलली गेली नाही की हवा नाकातून गळते आणि ब चा म होतो. असा रुग्ण प्रेमाने 'बेला' म्हणेल आणि सगळ्या वॉर्डाला 'मेला' ऐकू येईल. रुग्णालयात याहून वाईट शब्द नाही. ही एक गळती नाव बाद करायला पुरेशी आहे. गंमत म्हणजे नुसते वाचून हा दोष लक्षात येत नाही. मोठ्याने, नाकातून, म्हणून पाहावे लागते.

लाडू हे नाव मोडले तरी निरुपद्रवी राहते: लादू, लालू, नानू, आडू. त्याला चित्रही आहे, गोल, तपकिरी, ओळखीचे. चित्र असण्याचा फायदा खरा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दाखवले की एखाद्याचे आडनाव लक्षात राहण्यापेक्षा त्याचा तोच शब्द असलेला व्यवसाय लक्षात राहणे सोपे जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'हे सुतारकाम करतात' हे राहते, 'हे सुतार' हे विसरते, कारण आडनाव कोरे असते आणि व्यवसायाला करवत, रंधा, भुसा चिकटलेले असतात. शब्द हरवण्याचा आजार असलेल्या माणसाला चित्र असलेले नाव म्हणूनच जवळचे. मात्र अर्धांगवायूच्या वॉर्डात गिळण्याचा त्रास असलेले रुग्ण असतात आणि त्यांना तोंडाने काही द्यायचे नाही अशी पाटी खाटेवर लावलेली असते. गोंधळलेल्या आजोबांना "लाडू आलाय, हात पुढे करा" असे सांगणे चांगले नाही. बालरुग्ण विभागात हेच नाव उत्तम ठरले असते.

उरते मोती. म आणि ओ यांची सुरुवात ओठांवरून वाचता येते, पुढे त जिभेच्या टोकाचा. मोडले तर ओती, वोती, मोनी, आणि नाक चोंदलेले असेल तर बोती. त सैल पडला तर एक सुपरिचित आडनाव ऐकू येईल आणि वॉर्डात हशा पिकेल, पण कुणाचे नुकसान नाही. दोष दोन आहेत. त ला दात हवेत, आणि प्रेमाने मोत्या झाले की त्य येतो. पहिला दोष सौम्य, कारण दात नसले तरी जीभ हिरडीवर टेकून कामचलाऊ त निघतो. दुसऱ्यावर उपाय म्हणजे हँडलरने स्वतः नेहमी मोती म्हणणे. ज्याला मोत्या म्हणता येते त्याला मदतीची गरजच नसते. नाव नर-मादी दोघांना चालते, म्हणून 'ये रे' की 'ये गं' या अडखळण्यावर नाव अडून राहत नाही.

मोतीच्या बाजूने निर्णायक ठरते ते वेगळेच. महाराष्ट्रातल्या साठी-सत्तरीच्या माणसाने आयुष्यात एकदा तरी मोती नावाचा कुत्रा पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. नवी गोष्ट स्मरणात न टिकणाऱ्या रुग्णाला नवे नाव शिकावे लागत नाही. कुत्रा दिसला की जुनेच नाव तोंडात येते. ठेवणीतल्या, नव्या वळणाच्या, दिसायला देखण्या नावांपेक्षा हे जुनाट नाव इथे सरस ठरते. चित्राची उणीव भरून काढायला कुत्रीच्या अंगरख्यावर मोत्याचे ठळक चित्र आणि खाली देवनागरीत मोठ्या अक्षरांत नाव शिवता येते. डोळ्यांच्या विभागात मात्र मोतीबिंदूमुळे थट्टा होणारच. तिथे नाव बदलायला हवे का, हे तिथल्या नर्सनी ठरवावे.

नाव पक्के करण्याआधीची चाचणी घरी होते. ते कुजबुजून म्हणावे, नाक चिमटीत धरून म्हणावे, ओठ न मिटता म्हणावे, मास्क लावून म्हणावे, आणि घरातल्या एखाद्या आजीला कवळी काढून म्हणायला सांगावे. शेजारच्या खोलीतल्या माणसाने ऐकू आले ते लिहावे. पाचांपैकी एखाद्या वेळी नाव ओळखू आले नाही तरी चालते. भलताच शब्द लिहिला गेला तर मात्र नाव सोडून द्यावे.

रॉक्सीला मोती हे नाव शिकवणे अवघड नाही. अशा कामासाठी कुत्रा प्रौढ असावा लागतो. पेट पार्टनर्स या अमेरिकी संस्थेची अट किमान एक वर्ष वयाची आहे. म्हणजे त्याला आधीचे नाव असतेच. नवे नाव आधी, लगेच जुने नाव, मग वळून पाहिल्याबरोबर खाऊ, असे दिवसातून थोडे थोडे केले की काही दिवसांत नव्या नावालाच मान वळते. मग जुने नाव वगळायचे. घरी रॉक्सी राहू द्यायला हरकत नाही. उलट वॉर्डात दहा तोंडांनी दहा तऱ्हांनी वापरून बोथट झालेल्या नावापेक्षा, रस्त्यावर पट्टा सुटला तर परत बोलवायला एक धारदार, फक्त घरच्यांचे नाव हाताशी असलेले बरे. त्या कामासाठी क्स आणि ट उपयोगी पडतात.

भेटीनंतर हँडलरने रुग्णाने नाव कसे म्हटले ते ऐकू आले तसे नोंदवावे आणि वाचोपचारतज्ज्ञाला द्यावे. पहिल्या आठवड्यात 'ओ', पुढे 'मोई', मग 'मोती' अशी नोंद दिसली, तर ओठ मिटू लागले आणि नंतर जिभेचे टोक काम करू लागले, असे त्यावरून समजू शकते. ज्याला काहीच म्हणता येत नाही त्याच्यासाठी चादरीवर दोनदा थोपटणे ही हाक ठरवून ठेवतात, आणि कुत्र्याला ती नावासारखीच शिकवलेली असते.